तीन फेज सारखे, तरी न्यूट्रल गरम का?

प्रश्न : सावलीतल्या एका संगणक परीक्षा केंद्राची वायरिंग मी सांभाळतो. एकूण ४८ जुने संगणक आहेत, प्रत्येक फेजवर १६ असे वाटून दिलेले. म्हणजे लोड अगदी सारखा. तरीही परीक्षा सुरू झाली की तासाभरात डीबीतली न्यूट्रलची तार चांगलीच तापते, तिचं इन्सुलेशन पिवळं पडून कडक झालंय. माझ्या जुन्या टाँग टेस्टरवर प्रत्येक फेजचा प्रवाह ६.८ अँपिअर दिसतो. मित्राच्या ‘ट्रू आरएमएस’ मीटरवर त्याच तारेत ११.२ दिसतो. आणि गंमत अशी की न्यूट्रलवर मात्र दोघंही १९ च्या थोडं वर, एकच आकडा दाखवतात! आयटीआयमध्ये आम्हाला शिकवलं होतं की तिन्ही फेज सारखे असले की न्यूट्रलमध्ये काही उरत नाही. शिवाय २३० गुणिले ११.२ केलं तर अडीच हजारांवर जातं, पण वॅटमीटर एका फेजला १८०० वॅटच दाखवतो. कोणी म्हणतं कॅपॅसिटर बसवा. मी कोणत्या मीटरवर विश्वास ठेवू? आणि चंद्रपूरहून पडघ्याला डीसी करून वीज पाठवतात, तिथंही असंच होतं का?

— एक वायरमन वाचक, सावली

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुम्ही घेतलेली मोजमापं फार चांगली आहेत. फेजवर दोन मीटर भांडतात आणि न्यूट्रलवर त्यांचं एकमत होतं, ही एकच गोष्ट सगळं कोडं सोडवायला पुरेशी आहे. आयटीआयमधलं शिक्षणही चुकीचं नव्हतं. ते साइन लहरीच्या प्रवाहासाठी होतं, आणि तुमच्या संगणकांचा प्रवाह साइन लहर नाही.

जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये आधी डायोडचा ब्रिज असतो आणि त्यामागे एक मोठा कॅपॅसिटर. तो कॅपॅसिटर जवळजवळ भरलेलाच राहतो. बाहेरचं व्होल्टेज त्याच्यापेक्षा वर चढेल तेवढ्याच क्षणी डायोड उघडतात, म्हणजे लहरीच्या माथ्याजवळ. मग प्रवाहाचा एक उंच, अरुंद झटका आत येतो आणि पुन्हा बंद. पुढच्या अर्ध्या चक्रात उलट दिशेने तसाच झटका. पंख्याचा किंवा साध्या बल्बचा प्रवाह पूर्ण वेळ वाहतो. संगणक मात्र धानाला पाणी पाळीने सोडावं तसा थोडा वेळ घेतो आणि बराच वेळ थांबतो.

असा झटक्यांचा प्रवाह दर २० मिलिसेकंदांनी स्वतःची नक्कल करतो. आणि जे काही नियमित अंतराने जसंच्या तसं परत येतं, ते कितीही वेडंवाकडं असलं तरी साइन लहरींची बेरीज म्हणून मांडता येतं. फ्रान्सच्या जोसेफ फूरियेने १८२२ साली उष्णतेवरच्या आपल्या ग्रंथात हे मांडलं. त्या बेरजेतली पहिली लहर ५० हर्ट्झची, तिला आपण मूळ लहर म्हणू. बाकीच्या तिच्या पूर्ण पटीच्या : १५० हर्ट्झची तिसरी, २५० ची पाचवी, ३५० ची सातवी. या पटीच्या लहरींना हार्मोनिक म्हणतात. तुमच्या प्रवाहात वरचा आणि खालचा झटका सारखाच आहे, म्हणून सम पटी, म्हणजे १०० किंवा २०० हर्ट्झच्या, जवळजवळ नसतातच.

हार्मोनिक मोजण्याचं यंत्र तुमच्याकडे नाही. म्हणून अशा पॉवर सप्लायमध्ये साधारण जे प्रमाण दिसतं ते धरून मी तुमच्या एका फेजचे आकडे लिहितो आणि मग ते तुमच्या मीटरशी जुळतात का पाहू. मूळ लहर ८ अँपिअर, तिसरी ६.४, पाचवी ४, सातवी २. नववीपासून पुढच्या लहान आहेत, त्या सोडून देतो. व्होल्टेज सध्या शुद्ध साइन लहर, २३० व्होल्ट धरू.

आता या चार लहरींवरून एकूण प्रवाह किती? मन सांगतं, बेरीज करा : ८ आणि ६.४ आणि ४ आणि २, म्हणजे २०.४. हे चूक. प्रवाहाचं प्रभावी मूल्य म्हणजे काय ते आठवा. जितक्या सपाट डीसी प्रवाहाने एखादा हीटर तेवढाच तापेल, तो आकडा. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे निर्माण होते, म्हणून आधी प्रत्येक क्षणाच्या प्रवाहाचा वर्ग, मग पूर्ण चक्राची सरासरी, मग वर्गमूळ. बेरजेचा वर्ग केला की प्रत्येक लहरीचा स्वतःचा वर्ग मिळतो, आणि त्याशिवाय दोन-दोन वेगळ्या लहरींचे गुणाकार मिळतात. हे गुणाकार कुठे जातात, यावरच सगळं अवलंबून आहे, म्हणून तिथे थोडं थांबू.

सोपं पडावं म्हणून प्रवाहातल्या दोन लहरींऐवजी ५० हर्ट्झचं व्होल्टेज आणि १५० हर्ट्झचा प्रवाह घेऊ. गणित तेच आहे आणि वॅटमीटरचंही उत्तर त्यातच आहे. व्होल्टेजच्या एका अर्ध्या चक्रात, म्हणजे १० मिलिसेकंदांत, तिसऱ्या हार्मोनिकचे तीन फुगवटे बसतात. तुमच्या झटक्यात मधला फुगवटा व्होल्टेजच्या माथ्यावर येतो आणि त्याच्याच दिशेचा असतो, तर दोन्ही बाजूंचे उलट दिशेचे. मधला फुगवटा व्होल्टेज सर्वात जास्त असताना येतो, म्हणून तो ६.४ अँपिअरच्या हिशेबाने साधारण ६ ज्यूल ऊर्जा संगणकांकडे नेतो. बाजूचे फुगवटे कमी व्होल्टेजवर येतात, म्हणून प्रत्येकी ३ ज्यूलच मागे नेतात. ६ गेले, ३ अधिक ३ परत आले. शिल्लक शून्य. जवळपास नव्हे, बरोबर शून्य.

आणि हे फक्त तिसऱ्याचं नाही. पाचवी असो, सातवी असो, वेगळ्या पटीच्या कोणत्याही दोन लहरींच्या गुणाकाराची पूर्ण चक्रातली सरासरी शून्यच येते. इथे एक गैरसमज टाळायला हवा. तुमच्या तारेत खरोखर ३ ज्यूल मागे जात नाहीत. त्या बाजूच्या वेळात मूळ लहरीचा प्रवाह पुढे असतो, हार्मोनिकचे मागे असतात, आणि दोघं एकमेकांना खोडतात. म्हणूनच तर झटक्याआधी आणि झटक्यानंतर प्रवाह जवळजवळ शून्य दिसतो. ही फक्त हिशेबाची फोड आहे, पण हिशेब चोख आहे.

म्हणून प्रभावी मूल्य काढताना फक्त वर्गांची बेरीज उरते :

```
I = √(I1² + I3² + I5² + I7² + ...)
```

८ चा वर्ग ६४. ६.४ चा ४०.९६. ४ चा १६ आणि २ चा ४. बेरीज जवळजवळ १२५ आणि वर्गमूळ ११.१८. तुमच्या मित्राचा मीटर ११.२ दाखवतो तो याचसाठी. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंची बेरीज जशी कर्णाच्या लांबीत होते, तशी ही बेरीज आहे. म्हणून ८ वर ६.४ चढवले तरी १४.४ होत नाहीत, सव्वादहाच होतात.

मग जुना टाँग टेस्टर ६.८ का म्हणतो? तो खराब झालेला नाही, त्याला फेकू नका. तो प्रवाह एका दिशेचा करून त्याची साधी सरासरी घेतो आणि तिला १.११ ने गुणून तबकडीवर दाखवतो. शुद्ध साइन लहरीत प्रभावी मूल्य हे सरासरीच्या १.११ पट असतं, म्हणून तिथे उत्तर अचूक येतं. पण झटक्यांच्या प्रवाहात सरासरी लहान राहते, कारण बराच वेळ प्रवाह शून्याजवळ असतो, आणि वर्ग मात्र उंच माथ्यामुळे फुगतो. वरच्या चार लहरींचे माथे एकत्र जुळले तर झटका जवळजवळ २९ अँपिअरपर्यंत चढतो, आणि त्याच प्रवाहाची १.११ पट सरासरी ६.८ च्या आसपासच येते. मूळ लहर एकटीच ८ ची आहे, त्याहूनही हा आकडा कमी. म्हणून तारेची जाडी किंवा फ्यूज ठरवताना फेजवर जुन्या मीटरचा आकडा धरला तर तुमचा अंदाज चाळीस टक्क्यांनी कमी पडेल. इथे ट्रू आरएमएसचाच आकडा घ्या.

आता न्यूट्रल. दोन शेजारच्या फेजमध्ये एका चक्राच्या तृतीयांशाचं अंतर असतं, म्हणजे ६.६७ मिलिसेकंदांचं. ५० हर्ट्झच्या तीन लहरी त्या अंतराने एकत्र आल्या की बेरीज शून्य होते, हे तुम्ही शिकलात. पाचव्या आणि सातव्यांचंही तसंच. पण १५० हर्ट्झच्या लहरीचं एक पूर्ण चक्रच ६.६७ मिलिसेकंदांचं असतं! तिच्या दृष्टीने तिन्ही फेज एकाच ठेक्यावर आहेत. म्हणून तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक एकमेकांना खोडत नाहीत, सरळ बेरजेला लागतात. ६.४ गुणिले ३, म्हणजे १९.२ अँपिअर. हाच तुमचा आकडा.

आणि आता दोन्ही मीटरचं एकमत का झालं तेही उलगडतं. मूळ, पाचवी, सातवी खोडली गेली. न्यूट्रलमध्ये उरली ती एकटी १५० हर्ट्झची जवळजवळ शुद्ध साइन लहर. शुद्ध साइन लहरीत १.११ चा हिशेब बरोबर बसतो, मग तिची वारंवारता ५० असो की १५०. न्यूट्रलवर जुना टाँग टेस्टर खरं बोलतो, कारण तिथे त्याच्या ओळखीची लहर आहे.

तार तापण्याचं प्रमाणही पाहा. फेजच्या तारेत वर्ग १२५ आहे, न्यूट्रलमध्ये १९.२ चा वर्ग जवळजवळ ३६९. चारही तारा एकाच जाडीच्या असतील तर न्यूट्रल फेजच्या तिप्पट उष्णता तयार करते. तुमची तार दीड चौरस मिलिमीटरची असेल आणि पाइपातून इतर तारांसोबत जात असेल तर तिच्यावर १९ अँपिअर कायम ठेवणं योग्य नाही. पिवळ्या पडलेल्या इन्सुलेशनने तेच सांगितलं आहे. आणि न्यूट्रलवर बहुधा फ्यूज किंवा एमसीबी नसतो, म्हणजे तिला वाचवणारं कोणीच नाही. तिचा एखादा सांधा जळून सुटला तर जास्त वाईट. मग प्रत्येक फेजचं व्होल्टेज २३० वर टिकत नाही. ज्या फेजवर कमी संगणक सुरू असतील तिथे ते बरंच वर चढू शकतं, आणि एकाच वेळी अनेक पॉवर सप्लाय जातात. म्हणून पुढच्या परीक्षेच्या आधी न्यूट्रल जाड करा, किंवा प्रत्येक फेजला डीबीपर्यंत स्वतंत्र न्यूट्रल द्या. पण डीबीपासून खांबापर्यंत तो प्रवाह एकत्रच जाणार, तिथल्या तारेची जाडी आणि सांधेही तपासा.

आता वॅटमीटर. सरासरी पॉवरचा हिशेब तसाच आहे, फक्त वर्गाऐवजी व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार. वेगळ्या पटीचे गुणाकार शून्य होतात हे आपण ज्यूलमध्ये पाहिलं. म्हणून जोडी जुळते ती फक्त सारख्या पटीची :

```
P = V1·I1·cosφ1 + V3·I3·cosφ3 + V5·I5·cosφ5 + ...
```

व्होल्टेज शुद्ध असेल तर V3, V5 शून्य, आणि सगळी पॉवर पहिल्या पदातच येते. मूळ लहरीचं व्होल्टेजशी थोडं अंतर असतं, त्याचा cosφ ०.९८ धरतो. २३० गुणिले ८ गुणिले ०.९८, म्हणजे १८०३ वॅट. तुमचा वॅटमीटर बरोबर आहे. ट्रू आरएमएस मीटरही बरोबर आहे. २३० गुणिले ११.१८ म्हणजे २५७१, पण हे वॅट नाहीत, व्होल्ट-अँपिअर आहेत. १८०३ ला २५७१ ने भागलं तर ०.७० येतो, हा तुमचा पॉवर फॅक्टर.

कॅपॅसिटर बसवण्याचा सल्ला इथेच चुकतो. ०.७० पाहून वाटतं की मोटरसारखा प्रवाह मागे पडला असेल, कॅपॅसिटरने पुढे ओढू. पण तुमचा ०.७० दोन भागांचा गुणाकार आहे : ०.९८ हा अंतराचा भाग, आणि ८ भागिले ११.१८ म्हणजे ०.७२ हा लहर बिघडल्याचा भाग. कॅपॅसिटर फक्त पहिल्या भागावर काम करतो. तो भाग पूर्ण १ झाला तरी पॉवर फॅक्टर ०.७२ च्या पुढे जाणार नाही. वर त्याने नुकसान होऊ शकतं. कॅपॅसिटर जास्त वारंवारतेला जास्त सहज वाट देतो. पाचव्या हार्मोनिकला त्याचा अडथळा ५० हर्ट्झच्या एक पंचमांश. डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या इंडक्टन्सशी त्याची जोडी २५० किंवा ३५० हर्ट्झला जमली, तर ती लहर आटोक्यात येण्याऐवजी वाढते, आणि कॅपॅसिटर फुगून फुटतात. भात गिरणीत जुन्या साध्या मोटरवर कॅपॅसिटर चांगले काम करत असतात, आणि मोटरच्या जागी ड्राइव्ह बसवल्यावर तेच कॅपॅसिटर वारंवार जातात, त्यामागे हे कारण असू शकतं.

एक प्रश्न मला इथे मांडायचा आहे, कारण मोजमाप करणाऱ्यालाच तो विचारता येतो. हार्मोनिक जर पॉवर नेत नाहीत, तर न्यूट्रल कशाने तापते? ती उष्णता कोणाच्या खात्यातून जाते? त्यासाठी व्होल्टेज शुद्ध आहे हे आपलं गृहीतक सोडावं लागेल. समजा फेजच्या तारेत डीपीपासून संगणकांपर्यंत अर्ध्या ओहमचा रोध आहे, आणि डीपीचं व्होल्टेज शुद्ध आहे. न्यूट्रल सध्या बाजूला ठेवू. तिसऱ्या हार्मोनिकचे ६.४ अँपिअर त्या अर्ध्या ओहममधून गेले की १५० हर्ट्झचं ३.२ व्होल्टचं पतन होतं, आणि तेवढं व्होल्टेज संगणकांच्या टोकाला उलट चिन्हाने दिसतं. म्हणून तिसऱ्या पदाची पॉवर ३.२ गुणिले ६.४, म्हणजे सुमारे साडेवीस वॅट, पण वजा. पाचव्याची वजा ८, सातव्याची वजा २. एकूण वजा साडेतीस वॅट.

वजा म्हणजे संगणक ही पॉवर घेत नाहीत, देतात. ते ५० हर्ट्झवर १८०३ वॅट घेतात, डायोडचा ब्रिज त्यातले साडेतीस वॅट १५०, २५० आणि ३५० हर्ट्झमध्ये बदलून बाहेर ढकलतो, आणि ते सगळे तुमच्या फेजच्या तारेतच उष्णता होऊन संपतात. पडताळा घ्या : तारेतली एकूण उष्णता १२५ गुणिले अर्धा, म्हणजे साडेबासष्ट वॅट. त्यात मूळ लहरीचा वाटा ६४ गुणिले अर्धा, ३२ वॅट. उरले साडेतीस. दोन्ही बाजूंनी हिशेब जुळला. झटक्यांच्या प्रवाहामुळे त्या तारेची उष्णता जवळजवळ दुप्पट झाली, आणि त्याचा पैसा ५० हर्ट्झच्या विजेतूनच गेला. न्यूट्रलची उष्णताही याच वाटेने येते. अशा लोडजवळ व्होल्टेजच्या लहरीचा माथा चपटा होतो तोही याच पतनामुळे. ऑसिलोस्कोप मिळाला तर तो चपटेपणा डोळ्यांनी दिसतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, चंद्रपूरचा. सावलीहून मूलमार्गे चंद्रपूर काही दूर नाही, पण तिथल्या स्थानकाबद्दल गावात फार कोणी बोलत नाही. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची डीसी वाहिनी १९९९ साली सुरू झाली. एक तार अधिक ५०० किलोव्होल्टवर, दुसरी वजा ५०० वर, आणि क्षमता १५०० मेगावॅट. १५०० मेगावॅटला दोन तारांमधल्या १००० किलोव्होल्टने भागलं की डीसी प्रवाह येतो १५०० अँपिअर. एसीचा डीसी करणारे व्हॉल्व्ह थायरिस्टरचे आहेत, आणि त्यांचं मूळ काम तुमच्या ब्रिजसारखंच आहे. फरक एवढाच की इथे कॅपॅसिटरऐवजी मोठं कॉइल लावून डीसी प्रवाह सपाट ठेवतात. म्हणून ट्रान्सफॉर्मरकडून येणारा एसी प्रवाह अरुंद झटक्यांचा नसतो, चौकोनी ठोकळ्यांचा असतो : चक्राचा तृतीयांश वेळ अधिक १५००, तृतीयांश वजा १५००, आणि मधल्या वेळात शून्य.

चौकोनी ठोकळ्याचं प्रभावी मूल्य हार्मोनिकशिवायही काढता येतं, म्हणून आपला नियम तपासायला ही जागा फार चांगली आहे. चक्राच्या दोन तृतीयांश वेळ प्रवाह १५०० आहे. वर्गाची सरासरी १५०० च्या वर्गाच्या दोन तृतीयांश, आणि वर्गमूळ १२२५ अँपिअर. आता दुसऱ्या वाटेने जाऊ. फूरियेच्या सूत्राने या ठोकळ्याची मूळ लहर ११७० अँपिअर येते. तिसरी आणि तिच्या पटीच्या येत नाहीत. पाचवी मूळच्या एक पंचमांश, २३४. सातवी एक सप्तमांश, १६७. अकरावी १०६, तेरावी ९०, आणि असंच पुढे. पहिल्या पाचांच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ १२१२. सतराव्या आणि एकोणिसाव्यासह १२१६. पुढे जात राहाल तसा आकडा १२२५ कडे सरकत जातो. पॉवर मात्र जवळजवळ सगळी ११७० नेच जाते. बाकीचे प्रवाह ट्रान्सफॉर्मर आणि तारा तापवतात.

तिथे हे आटोक्यात कसं ठेवतात? दोन ब्रिज वापरून. एकाला स्टार-स्टार ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्याला स्टार-डेल्टा. डेल्टामुळे दुसऱ्या ब्रिजची मूळ लहर पहिल्यापेक्षा ३० अंश सरकते. जाळ्याच्या बाजूला दोघांचे प्रवाह एकत्र येतात तेव्हा मूळ लहरी जुळतात, पण पाचव्या आणि सातव्या एकमेकींच्या बरोबर विरुद्ध पडतात आणि खोडल्या जातात. उरतात अकरावी, तेरावी, आणि मग तेविसावी, पंचविसावी. त्यांच्यासाठी अशा स्थानकांच्या आवारात कॉइल आणि कॅपॅसिटरचे मोठे फिल्टर उभे असतात. ते त्या लहरींना तिथल्या तिथे वाट देतात, म्हणजे त्या बाहेरच्या एसी लाइनवर जात नाहीत. तुमच्या डीबीत तिसरी लहर तिप्पट झाली आणि तिथे पाचवी खोडली गेली, दोन्ही ठिकाणी कारण एकच : फेजमधलं अंतर प्रत्येक हार्मोनिकला वेगळं भासतं.

पण व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगमध्ये पाचवी आणि सातवी वाहतातच, कारण खोडाखोड वाइंडिंगच्या पलीकडे होते. आणि तिथे प्रभावी मूल्यही पूर्ण खरं सांगत नाही. १२२५ अँपिअर म्हणजे त्या वाइंडिंगमध्ये १२२५ डीसीएवढीच उष्णता, असं धरलं तर चूक होईल. वाइंडिंगच्या जाड तांब्यात एडी प्रवाह फिरतात, आणि त्यांची उष्णता प्रवाहाच्या वर्गाबरोबर वारंवारतेच्याही वर्गाने वाढते. पाचव्या हार्मोनिकचा प्रवाह मूळच्या एक पंचमांश, वर्ग एक पंचविसांश, पण वारंवारता पाचपट आणि तिचा वर्ग पंचवीस. गुणाकार १. म्हणजे एडी उष्णतेत पाचवी लहर मूळ लहरीइतकीच भर घालते. सातवी, अकरावी, तेरावीचंही तसंच! ठोकळ्याचे कोपरे अगदी काटकोनी असते तर ही बेरीज संपलीच नसती. प्रत्यक्षात एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे प्रवाह जायला थोडा वेळ लागतो, कोपरे तिरपे होतात, आणि वरच्या लहरी एक भागिले पटीच्या हिशेबाहून लवकर लहान होत जातात. तरीही अशा स्थानकांचे ट्रान्सफॉर्मर हे ध्यानात ठेवूनच वेगळे बनवावे लागतात. तुमच्या साध्या तांब्याच्या तारेत आणि १५० हर्ट्झवर मात्र एडीची भर नगण्य आहे, तिथे ११.१८ आणि १९.२ वर खुशाल भरवसा ठेवा.

एक काम तुमच्याकडे मागतो. मित्राच्या मीटरवर हर्ट्झ मोजायची सोय असेल तर तिन्ही फेज चालू असताना तो न्यूट्रलवर लावा. १५० दिसायला हवेत. मग परीक्षा नसताना एका फेजवरचे सोळाही संगणक बंद करा आणि न्यूट्रल पुन्हा मोजा. तिसरी लहर आता दोनच फेजची राहील, १२.८. पण मूळ ८, पाचवी ४ आणि सातवी २ यांना खोडणारा तिसरा जोडीदार नसेल, म्हणून त्या न्यूट्रलमध्ये परत येतील. १२.८, ८, ४ आणि २ यांच्या वर्गांची बेरीज २४८, मूळ १५.७. ट्रू आरएमएस मीटरवर त्याच्या जवळपास आकडा यायला हवा, आणि या वेळी जुना टाँग टेस्टर न्यूट्रलवरही मागे पडेल. काय दिसलं ते नक्की कळवा. आकडा १५.७ पासून बराच दूर गेला तर मी धरलेलं हार्मोनिकचं प्रमाण तुमच्या संगणकांना लागू नाही, आणि आपण नव्या आकड्यांवरून ते पुन्हा काढू.